‘लाज नको’ म्हणणारी टॅगलाइन लाजेचीच आठवण करून देते

प्रश्न: आम्ही समुपदेशन केंद्र सुरू करतोय. तीन समुपदेशक आहेत, आठवड्यातून दोन दिवस मानसोपचारतज्ज्ञ येतील. नावात ‘समुपदेशन केंद्र’ हे शब्द आहेतच. इथे येणं चारचौघांसारखं आणि सन्मानाचं वाटावं अशी टॅगलाइन हवी आहे, बोर्डावर, कार्डावर आणि वेबसाइटवर टाकायला. आम्ही काढलेल्या ओळी अशा: ‘मानसिक आजार ही लाज नव्हे’, ‘अंधाराकडून प्रकाशाकडे’, ‘तुम्ही एकटे नाही’, ‘संपूर्ण गोपनीयता, निर्धास्त बोला’. यातली कोणती घ्यावी?

उत्तर: यातली एकही घेऊ नका. मी असते तर केंद्राच्या नावाखाली एवढंच लिहिलं असतं: ‘या, बसा. बोलू.’

आता हे इतकं साधं का, आणि तुमच्या ओळींचं नेमकं कुठे बिनसलं, ते सविस्तर सांगते. मी बरीच वर्षं आरोग्यसेवांसाठी जाहिरातलेखन करते आहे आणि या विषयावर आलेल्या बहुतेक पहिल्या याद्या तुमच्यासारख्याच असतात. माझी ओळ तुम्हाला पटली नाही तरी पुढची ओळ पारखायला हे उपयोगी पडेल.

पहिल्या ओळीपासून सुरू करू. ‘मानसिक आजार ही लाज नव्हे.’ वाक्य खरं आहे, हेतू चांगला आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे. जे कोणी म्हणतच नाही ते कोणी नाकारत बसत नाही. दातांच्या दवाखान्यावर ‘दात दुखणं ही लाज नव्हे’ असं लिहिलेलं तुम्ही कधी पाहिलंय? तिथे तसं लिहिलं, तर वाचणारा पहिल्यांदा दचकेल की यात लाजण्यासारखं काही होतं की काय. तुमच्या दाराशी आलेला माणूस आधीच थोडा बिचकलेला असतो. त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘लाज’ आणि ‘आजार’ हे दोन शब्द असतील, तर ‘नव्हे’पर्यंत नजर पोचायच्या आत तो पुढे चालू लागतो. ‘तुम्ही वेडे नाही’, ‘मदत मागणं हा कमकुवतपणा नाही’, ‘लोक काय म्हणतील याचा विचार सोडा’, ही सगळी त्याच घराण्यातली वाक्यं. आरोप आधी उच्चारायचा आणि मग तो पुसायचा.

यात दोन कामांची गल्लत होते. समाजाचं मत बदलणारी मोहीम वेगळी आणि एका माणसाला दाराच्या आत आणणारी ओळ वेगळी. इंग्लंडमध्ये ‘टाइम टू चेंज’ ही मोहीम २००७ मध्ये सुरू झाली आणि २०२१ पर्यंत चालली. मानसिक आजारांबद्दलचे पूर्वग्रह आणि भेदभाव कमी करणं हेच तिचं काम होतं. अशा मोहिमेला कलंकाचं नाव घ्यावंच लागतं, कारण ती बोलते पूर्वग्रह बाळगणाऱ्यांशी. तुमचा बोर्ड बोलतो ज्याला आत यायचं आहे त्याच्याशी. त्याला समाजाच्या चुका समजावून सांगत बसलात, तर ‘तू आत जाशील तेव्हा समाज तुझ्याकडे असाच बघणार आहे’ हेच त्याला ऐकू येतं.

‘मग मानसिक आजार हा इतर आजारांसारखाच असतो, असं म्हटलं तर?’ हा उपप्रश्न हमखास येतो. समाजशास्त्रज्ञ बर्निस पेस्कोसोलिडो आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९९६ आणि २००६ या दोन वर्षांतली अमेरिकेतली सर्वेक्षणं त्यांनी ताडून पाहिली. मधल्या दहा वर्षांत मानसिक आजारांची कारणं मेंदूच्या कार्यात आहेत असं मानणारे लोक वाढले, उपचारांना पाठिंबाही वाढला, पण अशा माणसांपासून अंतर राखायची इच्छा काही कमी झाली नाही. ‘आजार’ म्हटलं की दोष जातो, पण माणूस वेगळा पडायचा तो पडतोच. शिवाय तुमच्याकडे येणाऱ्यांत नवरा-बायकोचा अबोला, नोकरीतली घुसमट, मुलाचं अभ्यासातून उडालेलं मन घेऊन येणारेही असतील. त्यांच्यावर दारातच ‘आजारी’ हा शिक्का कशाला?

‘अंधाराकडून प्रकाशाकडे’ यावर फार वेळ घालवत नाही. वाचणाऱ्याला आधी अंधारात ढकलायचं आणि मग बाहेर काढायचं, असा तिचा कारभार आहे. वर ती निकालाची हमी देते आणि समुपदेशनात तशी हमी देणं व्यावसायिक नीतीत बसत नाही.

‘तुम्ही एकटे नाही’ ही ओळ मला मनापासून आवडते, पण बोर्डावर नाही. मध्यरात्री हेल्पलाइनला फोन लावणाऱ्यासाठी ती योग्य आहे. भर दुपारी ऑफिसातून निघून कोणी तुमचा जिना चढत असेल, तर त्याच्याबद्दल ‘हा एकटा आहे’ हे आपण कुठून ठरवलं? कित्येक जण घरात क्षणभर एकटं राहायला मिळत नाही म्हणूनच येतात. या ओळीत माया आहे, पण ती कणव आहे. कणव वाटलेला माणूस नकळत एक पायरी खाली उभा राहतो. सन्मान हवा असेल तर ती पायरीच नको.

चौथ्या ओळीवर मात्र थांबायला हवं, कारण ती सगळ्यांत शहाणी वाटते. गोपनीयता ही समुपदेशनाची पहिली अट. ती नसेल तर कोणी तोंड उघडणार नाही. मग ती सर्वांत वर का नको? दोन कारणं आहेत. एक म्हणजे ‘संपूर्ण गोपनीयता’ हे मोठ्या अक्षरांत लिहिलं की इथलं काम लपवण्याजोगं आहे, ही बातमी रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला मिळते. त्याच बोर्डाखालून आत जाताना दिसणं मग आणखी अवघड होतं. दुसरं, ‘संपूर्ण’ हा शब्द खरा नाही. समोरच्याच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं, एखाद्या मुलाचा छळ होतोय असं कळलं किंवा न्यायालयाने माहिती मागितली, तर समुपदेशकाला मौन सोडावं लागू शकतं. पहिल्या भेटीत तुमचे समुपदेशक या मर्यादा सांगणारच आहेत, सांगायलाच हव्यात. तेव्हा ज्याने बोर्डावर ‘संपूर्ण’ वाचलंय त्याला पहिल्या दहा मिनिटांत फसवल्यासारखं वाटेल. म्हणून गोपनीयतेची जागा दुसरी. वेबसाइटवर वेळ ठरवायच्या पानावर, नोंदणीच्या फॉर्मच्या माथ्यावर आणि फोन घेणाऱ्याच्या तोंडी ती असावी. तिथे ती पूर्ण लिहा, मर्यादांसकट: ‘तुमचं बोलणं तुमच्या समुपदेशकापाशीच राहतं. अपवाद कोणते, ते पहिल्या भेटीत सांगतो.’

तुमच्या यादीत नाही, पण पुढच्या बैठकीत कोणीतरी नक्की सुचवेल अशी पाचवी जात म्हणजे आकड्यांची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या आकडेवारीवरून जगात दर आठ माणसांमागे एकाला मानसिक विकार असल्याचं म्हटलंय. ‘आठात एक’ अशी ओळ झोकदार दिसते. पण तिने काय साधारण ठरतं? आजार. मदत घेणं नव्हे. आणि याच सुरात कोणी ‘बहुतेक लोक मदत घ्यायला येतच नाहीत, तुम्ही या’ असं लिहिलं, तर उलटाच परिणाम व्हायचा धोका असतो. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात यावर एक प्रयोग केला होता. लाखो वर्षांत दगड झालेल्या लाकडाचे तुकडे पर्यटक उचलून नेत. एका पाटीवर लिहिलं की आधीच्या अनेक पर्यटकांनी असे तुकडे नेल्याने जंगलाचं रूप बिघडलंय. दुसऱ्या पाटीवर नुसतंच, कृपया नेऊ नका. पहिल्या पाटीपाशी चोरी जास्त झाली. ‘सगळे असंच करतात’ एवढंच लोकांनी उचललं. तुम्हाला जे वागणं नेहमीचं वाटायला हवं आहे, तेच घडताना दाखवा. जे घडत नाही त्याची खंत बोर्डावर नको.

तर मग हवं काय? येणं गृहीत धरणारी ओळ. जिच्यात कुणाची समजूत घालणं नाही, कसला खुलासा नाही. मी अशा वेळी घोषवाक्याच्या भाषेत शोधतच नाही. घरातून बाहेर पडताना, कोणाकडे गेल्यावर, कोणाला बोलावताना आपण दिवसभर जी वाक्यं बोलतो ती कागदावर उतरवते. त्यातून तीन ओळी हाती लागल्या. त्यातल्या दोन का मागे पडल्या, तेही पाहण्यासारखं आहे.

पहिली: ‘मनाचंही काम असतं.’ आपण कुठेही निघालो की ‘जरा काम आहे, जाऊन येतो’ म्हणतो आणि कोणी पुढे विचारत नाही. काम असणं ही बाहेर पडण्याची सगळ्यांत प्रतिष्ठित सबब. बाकीच्या दहा कामांच्या ओळीत मनाचंही एक काम बसवलं की ते आपोआप साधं होतं. ओळ चांगली आहे. पण रस्त्यावरून चालताना डोळ्यांना ती नीट पकडता येत नाही, दोनदा वाचावी लागते. शिवाय तिच्यात थोडा शिकवण्याचा सूर आहे, जणू ‘अहो, मनाकडेही बघा’. बोर्डाला ती नको. भेटीची आठवण करून देणाऱ्या संदेशात मात्र ती शोभेल.

दुसरी: ‘बोलून बघू.’ हिच्यावर माझा बराच जीव होता. कुठलीही अडचण आली की घरातलं कोणीतरी हेच म्हणतं. तिच्यात हमी नाही, घाई नाही. त्रास किती मोठा आहे हे ती मोजत नाही, आणि बोलणारे दोघं एका बाजूला बसलेले आहेत असं वाटतं. पण नुसतं ‘बघू’ म्हणजे आपल्याकडे टाळाटाळ. ‘बघू, बघू’ म्हणत कामं वर्षानुवर्षं लांबतात. आणि जो माणूस आधीच सहा महिने ‘बघू’ म्हणत थांबलाय, त्याच्या हाती आपण तोच शब्द पुन्हा द्यायचा? शिवाय फार बिकट अवस्थेतल्या माणसाला, किंवा त्याला घेऊन येणाऱ्या भावाला, ‘बघू’ हे हलक्यात घेतल्यासारखं वाटेल. तुमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञही बसणार आहेत. साधेपणा इतका सैल झाला की गंभीर त्रास असलेल्याला ‘ही जागा माझ्यासाठी नाही, इथे गप्पा चालतात’ असं वाटलं, तर तो साधेपणा महागात पडतो. ‘गप्पा’, ‘मस्त’, ‘रिलॅक्स’ हे शब्दही मी त्याच कारणाने टाळते.

तिसरी: ‘या, बसा. बोलू.’ आदराने ज्याला बोलावतो त्याला आपण हेच म्हणतो. सन्मान ‘या’ आणि ‘बसा’मध्येच आला, तो वेगळा सांगावा लागला नाही. साधेपणाही आला, कारण यापेक्षा नेहमीचं वाक्य शोधून सापडायचं नाही. त्रास लहान की मोठा, आजार की अडचण, एकटा की जोडीने, कशाचाच उल्लेख नाही, त्यामुळे कोणी बाहेर राहत नाही. शेवटचा शब्द मात्र जपा. ‘बोलू’ऐवजी ‘बोला’ झालं की सगळं पालटतं. ‘या, बसा, बोला’ हे टेबलामागचा साहेब म्हणतो, मान वर न करता. ‘बोलू’ म्हटलं की दोघांनी बोलायचं आहे, येणाऱ्याला जबाब द्यायचा नाहीये. रंगाऱ्याकडून, छपाईवाल्याकडून नेमकी हीच चूक होते, कारण ‘बोला’ हातवळणी पडलेलं असतं. प्रूफ स्वतः तपासा. पूर्णविरामसुद्धा. ‘बसा’नंतरचा थांबा गेला की ओळ धावायला लागते, आणि इथे घाई दिसता कामा नये.

या ओळीचा दोषही सांगते. ती एकटी काहीच सांगत नाही. वधूवर सूचक मंडळापासून गुंतवणूक सल्लागारापर्यंत कोणालाही ती चालेल. तुमच्या नावात ‘समुपदेशन केंद्र’ आहे म्हणूनच ती इथे चालते. काम काय ते नाव सांगतं, वागणूक कशी ते टॅगलाइन. म्हणून नावाशिवाय ही ओळ कुठेच छापू नका, पिशवीवर नको आणि सोशल मीडियावरच्या चित्रावरही नको. उलटं टोकही टाळा. काही केंद्रं साधेपणाच्या नादात ‘समुपदेशन’ हा शब्दच बारीक करतात किंवा गाळतात. मग तेही लपवणंच झालं, आणि ज्याला गरज आहे त्याला जागा सापडत नाही. नाव पूर्ण आकारात, ओळ त्याच्या निम्म्याहून थोड्या मोठ्या अक्षरांत, आणि दोन्ही एकाच शांत रंगात.

आता चाचणी. आठ-दहा जणांना, एकेकट्याला, बोर्डाचा कागदावरचा नमुना दाखवा. त्यांत केंद्राशी संबंध नसलेले लोक असू देत, वेगवेगळ्या वयांचे. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका. त्यावर सगळे ‘छान’ म्हणतात आणि हाती काही लागत नाही. विचारायचं ते असं: ‘या दारातून आत्ता एक माणूस आत गेला. तो कसा असेल, सांगाल?’ मग गप्प बसा आणि ते जे शब्द वापरतील ते जसेच्या तसे लिहा. ‘अंधाराकडून प्रकाशाकडे’ दाखवलंत तर साधारण अशी उत्तरं येतात: कोणीतरी खचलेलं, रडवेलं, घरच्यांनी धरून आणलेलं. ओळ नीट बसली असेल तर वर्णनं पसरतात. कोणी म्हणतं कॉलेजची मुलगी, कोणी म्हणतं साठीचे गृहस्थ, कोणी म्हणतं नवरा-बायको, एखादा म्हणतो ‘माझ्या साहेबांसारखा कोणीतरी’. वर्णनं जितकी एकमेकांपासून वेगळी, तितकं चांगलं. सगळ्यांनी मिळून एकच दुःखी चेहरा रंगवला, तर ओळ कितीही सुंदर असो, टाकून द्या. त्यानंतर दुसरा प्रश्न विचारा: ‘तुम्ही इथून बाहेर पडताना ओळखीचं कोणी भेटलं आणि कुठून आलात असं विचारलं, तर काय सांगाल?’ उत्तर कोणतं येतं यापेक्षा ते यायला किती वेळ लागतो, ते बघा. चटकन आलेलं ‘समुपदेशकांकडे आलो होतो’ सोन्यासारखं. विचार करून रचलेली थाप आली, तर अडचण आहे. ती ओळीची असेल किंवा जागेचीही असेल. प्रवेशदार कुठे आहे, वाट पाहायच्या खुर्च्या रस्त्यावरून दिसतात का, हेही तेव्हाच तपासा.

या ओळीकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवा. ज्याचं यायचं निम्मं ठरलंय त्याला ती उंबऱ्यापाशी अडू देणार नाही, एवढंच तिचं काम. ज्याच्या मनात पक्की अढी आहे त्याची अढी चार शब्दांनी जात नाही. पॅट्रिक कॉरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. मोठ्या माणसांचे पूर्वग्रह माहितीपेक्षा प्रत्यक्ष भेटीने जास्त कमी होतात, म्हणजे ज्याने त्रास सोसलाय आणि जो त्यातून सावरतोय अशा माणसाला भेटल्याने, असं त्यांना दिसलं. ते काम तुमच्या कार्यक्रमांचं आहे, बोर्डाचं नाही. तसंच जीव द्यायचे विचार येणाऱ्यासाठी तातडीचा क्रमांक आणि ‘आत्ता लगेच फोन करा’ ही सूचना वेबसाइटवर स्वतंत्र, ठळक, सरळ शब्दांत द्या. टॅगलाइनच्या पोटात ती कोंबू नका.

आणि ओळ फोनवर मोडू देऊ नका. बोर्डावर ‘या, बसा. बोलू’ आणि फोनवर ‘पेशंटचं नाव? काय प्रॉब्लेम आहे?’ असं झालं तर छपाईचे पैसे वाया गेले. फोन घेणाऱ्याने आधी वेळ ठरवावी, कारण विचारूच नये. ‘कधी यायला जमेल?’ एवढा एक प्रश्न पुरे. कोणाकडे पाठवायचं हे ठरवायला काही माहिती लागेलच, पण ती समुपदेशकाने परत फोन करून घ्यावी.

ओळ लागू पडते आहे का, हे पहिल्या काही महिन्यांत कसं ओळखाल? फोन घेणाऱ्याला एक वही द्या. प्रत्येक नव्या माणसाचं फक्त पहिलं वाक्य त्यात लिहायचं, नाव-गाव काही नाही. सुरुवातीला बरेच फोन ‘तसं मला काही झालेलं नाही, पण…’ किंवा ‘माझ्या एका मित्रासाठी विचारत होतो’ असे सुरू होतील. हळूहळू ‘गुरुवारी संध्याकाळची वेळ मिळेल का?’ अशी वाक्यं वाढायला लागली, तर बोर्ड, फोन आणि जागा तिन्ही एका सुरात बोलताहेत असं समजा. सहा महिन्यांनीही पहिल्याच जातीची वाक्यं येत राहिली, तर ओळ बदलायच्या आधी वेबसाइटचं पहिलं पान वाचून बघा. बहुतेकदा तिथे खिडकीशी गुडघ्यांत डोकं घालून बसलेल्या मुलीचा फोटो सापडतो.